हातमोजे विम्यात बसत नाहीत

बाळांनो, या वेळी पार्सलमध्ये चिक्की निम्मीच का, असं तुम्ही फोनवर विचारलंत आणि आजोबांनी खुशाल सांगून टाकलं, "कुरिअरवाल्यांनी खाल्ली." त्या बिचाऱ्यांवर उगाच आळ नको, म्हणून खरं काय ते लिहिते.

आजोबांचं हर्नियाचं ऑपरेशन तळेगावला झालं. निघताना मी पाकिटाची आठवण केली, तर म्हणाले, "अगं, कॅशलेस आहे! इंग्रजी तू शिकलीस ना?" पाकीट वलवणला घरी कपाटातच राहिलं. मोबाइलवरून पैसे द्यायला आम्ही दोघंही भितो, हे तुम्हाला माहीतच आहे.

घरी सोडायचा दिवस नेमका पौर्णिमेचा. संध्याकाळी बुद्धविहारात सगळ्यांकडून वंदना आजोबाच म्हणवून घेतात. "मी येणारच," असं त्यांनी सगळ्यांना बजावून ठेवलेलं. सकाळी कपडे घालून तयार. विमा कंपनीची मंजुरी दुपारी आली, ती बिलापेक्षा कमी. उरलेली रक्कम भरल्याशिवाय सुट्टी नाही.

"हातमोजे, मास्क, पट्ट्या, नोंदणीची फी," काउंटरवरच्या मुलीनं वाचून दाखवलं. "आजोबा, हे कंपनी देत नाही. औषधं, ऑपरेशन, खोली हे उपचारात धरतात. हातमोजे, नोंदणी हा हॉस्पिटलचा रोजचा खर्च, असं त्यांचं म्हणणं. आम्ही तो बिलात वेगळा लावतो, ते कापतात."

"म्हणजे तुम्हा दोघांच्या भांडणात मी?"

फरशी पुसणाऱ्या सुदुंबऱ्याच्या मावशी हसल्या. "आबा, मोजं घातल्याबिगर डाक्टर पोटाला हात लावील व्हय?"

"थोडा जास्त हप्ता भरून पॉलिसीला रायडर, म्हणजे जोड-विमा घेतला असता तर यातलं बरंचसं मिळालं असतं," मुलगी म्हणाली.

आजोबा एकदम खिडकीबाहेर बघू लागले. विमा एजंट रायडरचं विचारायला आला होता, तेव्हा "हातमोज्यांचा कुणी विमा काढतं का?" असं म्हणून त्याला चहा पाजून परत कुणी पाठवलं, ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. मी तिथं काही बोलले नाही. गाडीत बोलले.

माझ्या पर्समध्ये तुमच्या पार्सलचे पैसे होते. त्यातलेच भरले, म्हणून चिक्की निम्मी. बिलात हातमोज्यांचा अख्खा खोका लावलेला, आणि फोडलेला खोका औषधांचं दुकान परत घेत नव्हतं. "मग तो माझा," असं म्हणून आजोबांनी तो काखेत मारला आणि तसेच थेट विहारात गेले. वंदना वेळेवर झाली. खोका शेजारी खुर्चीवर होता.

यंदा पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या वेळी रायडर घेतला. फॉर्मवर सही आजोबांनीच केली.

आता ते हातमोजे घालून मिरच्या चिरतात, गुलाबाला खत घालतात. खोक्यात अजून अर्धेअधिक शिल्लक आहेत.