नऊ वाजेपर्यंतची विहीर

आमच्या पुस्तकांच्या दुकानाला ना शटर, ना पाटी. एक वेबसाईट आहे आणि वाशीमच्या घरातली पुढची खोली आहे. त्या खोलीत पुस्तकं, खोकी, चिकटपट्टीची रिळं आणि मी. कुणी आलं की विचारायचं, "दुकान कुठं हाय?" मी मोबाईल दाखवायची. पाहुणा माझ्या तोंडाकडे पाहायचा, मग खोलीकडे, आणि शेवटी चहा मागायचा.

त्या खोलीवर माझ्या भासऱ्यांचा डोळा होता. भासरे म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. शेती तेच पाहतात, घरात शब्दही त्यांचाच चालतो. पेरणी जवळ आली होती आणि सोयाबीनच्या बियाण्याची पोती ठेवायला त्यांना कोरडी जागा हवी होती. माझी पुस्तकं म्हणजे त्यांच्या लेखी रिकामटेकड्यांचा उद्योग. ह्यांनी मधे पडून कसंबसं जमवलं, तेव्हा भासरे म्हणाले, "ठीक हाय. हे एकाच पुस्तकाचे दोन खोके तू आणून ठेवले ना? रविवारी रात्री नऊपर्यंत रिकामे कर. झाले, तर खोली तुही. नाई झाले, तर सोमवारी सकाळी पोते येतीन."

मीही तोऱ्यात म्हटलं, "चालते दादा. नऊ म्हणजे नऊ."

काय बुद्धी झाली होती देव जाणे.

मी त्या रविवारीच एका दिवसाचा सेल लावला. सकाळी नऊ ते रात्री नऊ पुस्तक निम्म्या किमतीत, नऊ वाजले की साईटवर आपोआप पूर्ण किंमत. पानावर उलटं घड्याळ लावलं, तास-मिनिटं-सेकंद कमी होत जाणारं. पुस्तकाचा फोटो खाकी कागदात गुंडाळलेला, कारण नाव संध्याकाळी सहाला सांगायचं होतं. तोवर माझ्या वाचकांना साईटच्या पानावर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर दिवसभर थोडं थोडं सांगायचं, म्हणजे ओढ टिकते. एकदम सगळं सांगितलं की माणूस वाचतो, 'छान' म्हणतो आणि पुसून टाकतो. निरोप किती पाठवायचे तेही ठरवलेलं. जास्त पाठवले तर लोक नंबरच ब्लॉक करतात, आणि माझा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच माझी ब्रॉडकास्ट पोचते. एक वाचक गेला म्हणजे गेलाच.

सकाळचा निरोप होता: 'आज एक पुस्तक निम्म्या किमतीत. नाव सहाला. तोवर एवढंच, त्यात एक विहीर आहे, जिचं पाणी कुणीच प्यायलं नाही. बारा तास उरले.'

दुपारी बाराला: 'विहिरीला पाणी लागलं होतं, गोड पाणी. तरी खणणाऱ्याने ती स्वतःच्या हातानं बुजवली. नऊ तास उरले.'

तीनला: 'बुजवताना तो गात होता. सहा तास उरले.'

आणि बाप्पा! फोन थांबेना. रिसोडचे एक गुरुजी विचारतात, विहीर कोणत्या गावची? कारंज्याच्या एक बाई म्हणतात, नक्की त्याच्या पोरीचं काहीतरी असणार, मले सांगा, मी कोणाले सांगत नाही. एकानं तर विहीर का बुजवली यावर अख्खा निबंध लिहून पाठवला. साईटवर पाहिलं तर लोकांनी पुस्तक भराभर कार्टमध्ये टाकलेलं. मी खूश. मग ऑर्डरी पाहिल्या.

ऑर्डर एकही नाही.

मला वाटलं पेमेंट अडकलंय. ह्यांच्या फोनवरून स्वतःच एक प्रत मागवून पाहिली, पैसे सरळ कटले. म्हणजे ते ठीक होतं. किंमत बरोबर, लिंक बरोबर, घड्याळ बरोबर. पुस्तक कार्टमध्ये टाकून माणसं नुसती बसली होती. आणि निरोपांत दोन-चार प्रश्न असे येत होते की माझ्या डोक्याचा भुगा झाला. 'आता किती झालं?' 'अजून उतरते का?' मी उत्तर द्यायची, 'सहा तास उरले.' समोरून अंगठा. अरे, अंगठा कायले दाखवतो? पैसे भर ना!

सगळ्यात जास्त छळलं वेबसाईटच्या चॅटवरच्या एकानं. तिथं नाव टाकलं नाही की 'पाहुणा' एवढंच दिसतं. हा पाहुणा सकाळपासून चिकटला होता.

'इहीर बुजवली काहून?'

'पुस्तकात आहे.'

'पाणी खारं लागलं असन.'

'गोड होतं. तसं लिहिलंय निरोपात.'

'मंग काहून बुजवली?'

'पुस्तक घ्या, कळेल.'

'घेतो. अजून उतरू द्या.'

मला वाटलं, ह्याला उन्ह उतरू द्यायचं आहे. म्हटलं असेल बुवा कुणी शेतात.

सहाला नाव सांगितलं, कागद काढलेला फोटो टाकला. म्हटलं आता धरण फुटेल. पाच-सात ऑर्डरी आल्या, त्याही पुण्याकडच्या. आमच्या जिल्ह्यातली माणसं तशीच कार्टमध्ये पुस्तक टाकून घड्याळाकडे बघत. भासरे अंगणात बाजेवर मोबाईल घेऊन पडले होते. मी दोनदा तिकडून गेले, पण त्यांनी मान वर केली नाही. भरली खोकी पाहून मनातल्या मनात पोत्यांची थप्पी लावत असतील असं वाटलं आणि रडूच आलं. घरात भाजी नव्हती. ते निमित्त करून पिशवी उचलली आणि बाजारात गेले.

आठवडी बाजार उठायच्या बेतात होता. वांगी चांगली होती, पण भाव ऐकून मी पुढं सरकले, टमाट्यांपाशी उगीच रेंगाळले, परत वांग्यांपाशी आले. भाजीवाला चाचा वांग्यांवर पाणी मारत होता. भाव विचारला, थोडा उतरला होता. मी पिशवी उघडली नाही. सांभार, म्हणजे कोथिंबीर, हातात घेऊन हुंगलं, ठेवलं. फोन टुणटुण वाजत होता, 'आता किती राह्यले?' 'आता किती झालं?'

चाचा हसला. "काय बाई, बाजार उठाची वाट पाहून राह्यल्या का? थांबा मंग दहा मिनटं, सगळा ढीगच देतो."

मी तिथंच उभी राहिले. अगं बाई! मी जे करत होते, तेच सगळे करत होते. दिवस बुडायला आला की भाव उतरतो, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही, आईचं बोट धरून बाजारात हिंडतानाच ते कळतं. आणि मी सकाळपासून ओरडत होते, बारा तास उरले, नऊ उरले, सहा उरले! मला वाटलं माणसं घाबरून धावत येतील. माणसं म्हणत होती, बरं झालं, अजून थांबू. मला हसू यावं की रडू, कळेना. स्वतःचाच इतका राग आला की वांगी तशीच सोडून बाजूच्या ओट्यावर बसले आणि शेवटच्या तासासाठी तयार ठेवलेला गोड गोड निरोप पुसून टाकला.

नवा लिहून तिथूनच फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला: 'आमचा भाव बाजार उठताना उतरत नाही. आता आहे तो निम्मा, याहून कमी होणार नाही. नऊला दुप्पट होईल. कार्टमध्ये टाकलं म्हणजे घेतलं असं नाही, नऊच्या आत पैसे भरले तरच. नऊ म्हणजे नऊ.'

घरी पोचेपर्यंत फोन गरम झाला होता. ऑर्डरी अशा पडत होत्या की काय सांगू. रिसोडचे गुरुजी, कारंज्याच्या बाई, निबंधवाला, सगळे. कित्येकांनी वर शिव्याही घातल्या, 'आधी सांगाचं नाई का?' मी आणि ह्यांनी तिथंच बसून पार्सलं करायला घेतली. पहिलं खोकं रिकामं झालं. दुसऱ्याचा तळ दिसायला लागला. मी घड्याळ बघत होते, हे चिकटपट्टी दातानं तोडत होते.

नऊ वाजले. साईटवर किंमत बदलली. दुसऱ्या खोक्यात थोडी पुस्तकं उरली होती. फार नाही, एका हातात मावतील एवढी. पण उरली होती.

तेवढ्यात चॅटवर पाहुणा. 'दुप्पट काहून झाला?'

'नऊ वाजले.'

'मी कवाचा थांबलो. निम्म्यात द्या.'

'निरोपात स्पष्ट लिहिलं होतं.'

'मी हे इथंच पाहून राह्यलो, थो निरोप कोण पाह्यला? पाच मिनटं मांगंपुढं चालते.'

माझा सगळ्या दिवसाचा राग त्याच्यावर निघाला. मी लिहिलं, 'नाही चालत. तुम्हाला पाच मिनिटं दिली तर ज्यांनी वेळेत पैसे भरले ते वेडे का? नऊ म्हणजे नऊ.'

बाहेर बाज करकरली. भासरे फोन हातात घेऊन, तणतणत खोलीत आले. "तुह्या दुकानात चॅटवर कोण बाई बसवली तू? लय चढेल हाय थे! दिवसभर मले त्या इहिरीच्या नादी लावलं अन् आता पाच मिनटं देऊन नाई राह्यली!"

ह्यांच्या तोंडातून चिकटपट्टी गळून पडली. मी म्हटलं, "दादा, थे बाई मीच हावो."

भासरे माझ्याकडे बघत राहिले. मग फोनकडे. कानापर्यंत लाल झाले. मला वाटलं आता हे गरजणार. पण त्यांची नजर खोक्यात गेली. माझीही गेली. मला तेव्हाच कळलं. त्यांना पाच मिनिटं नाकारून मी माझीही पाच मिनिटं घालवून बसले होते.

"उरले," ते म्हणाले.

"हाव."

"नऊ म्हंजे नऊ."

"हाव दादा. सकाळी खोली मोकळी करून देतो."

त्यांनी वाकून खोक्यातलं एक पुस्तक उचललं, उलटून किंमत पाहिली आणि पूर्ण पैसे माझ्या टेबलावर ठेवले. दारातून मागे वळून म्हणाले, "आधी हे वाचून होऊ दे मायं. मंग आणतो पोते."

सोमवारी पोती आली ती अंगणात, पत्र्याखाली, ताडपत्री घालून. मी पुस्तकं बांधून तयार होते. भासऱ्यांनी नुसतं हातानं 'थांब' केलं आणि बाजेवर पुस्तक उघडलं. पेरणी झाली. पिकं गुडघ्याला लागली. ते वाचतातच आहेत. माझी पुस्तकं अजून बांधलेलीच, त्यांतूनच हवी ती काढून पार्सलं करते. आवरू की सोडू, मला काही कळत नाही आणि विचारायची हिंमत होत नाही.

परवा बाज झटकताना पुस्तक हाती आलं. खुणेची काडी शेवटच्या पानाच्या अलीकडे होती, एकच पान उरलं होतं. आज पुन्हा पाहिलं, काडी तिथंच होती. मी पुस्तक होतं तसं उशीखाली ठेवलं, आत आले आणि पुस्तकांच्या गाठोड्यांच्या सुतळ्या सोडल्या.