मंद्रूपच्या लॅपटॉपचं सर्टिफिकेट

सोलापुरातल्या एका हॉस्पिटलमध्ये मी कॉम्प्युटर विभाग सांभाळत होतो. मंद्रूपला आमचं छोटं केंद्र होतं. तिथले एक्स-रे व्हीपीएनवरून, म्हणजे इंटरनेटमधूनच जाणाऱ्या पण बाहेरच्यांना बंद असलेल्या वाटेनं, इथल्या डॉक्टरांपर्यंत यायचे. एका सोमवारी सकाळी तिथल्या तंत्रज्ञ बाईंचा फोन आला.

“सर, व्हीपीएन लागंना. सर्टिफिकेट एक्स्पायर झालंय म्हणतंय. हितं एक आजोबा पडून आलेत, लई कण्हतायत.”

“काही बदललंत का?”

त्या म्हणाल्या, “लॅपटॉपची तारीख मागं करून बघितली. तरी तेच.”

तसं होणारच होतं. सर्टिफिकेट हे त्या लॅपटॉपचं ओळखपत्र. त्यावर आमच्या सर्टिफिकेट देणाऱ्या सर्व्हरची डिजिटल सही असते आणि मुदतही. त्याच्या जोडीची गुप्त किल्ली फक्त लॅपटॉपमध्ये असते. ओळखपत्र आपलंच आहे हे लॅपटॉप त्या किल्लीनं सही करून दाखवतो. व्हीपीएनचा सर्व्हर हे सगळं तपासतो, आणि मुदत बघताना स्वतःचं घड्याळ बघतो. आदल्या रात्रीच मुदत संपली होती.

मी त्यांना तारीख पूर्ववत करायला लावली. मग फोनवर सांगत सांगत लॅपटॉपवर नवी किल्ली आणि सर्टिफिकेटसाठीचा अर्ज, दोन्ही तयार करून घेतलं.

“दोन्ही फायली मेल करू?”

“किल्ली कुणालाही पाठवायची नाही. मलासुद्धा. फक्त अर्ज.”

अर्ज साध्या मेलनं आला. तो त्यांचाच आहे ना, याची खात्री करायला मी त्यांना अर्जाचा ठसा, म्हणजे फायलीवरून निघणारी आकडे-अक्षरांची ओळ, वाचायला सांगितली. मागं आजोबांचं कण्हणं ऐकू येत होतं. बाई न चुकता, सावकाश वाचत गेल्या. माझ्याकडे आलेल्या फायलीच्या ओळीशी ती जुळली. मी अर्जावर सर्व्हरची सही घेतली, नवं सर्टिफिकेट उलट मेलनं पाठवलं. त्यांनी ते बसवलं.

“लागलं, सर.”

एक्स-रे आला. मांडीचं हाड मोडलं होतं. पाय फळीला बांधून आजोबांना ॲम्ब्युलन्सनं सोलापूरला आणलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं.

सोमवारी दुपारीच व्यवस्थापकांनी मला बोलावलं होतं. अर्धा तास वाया गेला होता. “मंद्रूपच्या बाईंनी मुदत संपतेय हे आधी का कळवलं नाही? त्यांना लेखी विचारा.”

मुदतीच्या सूचना त्यांना जातच नव्हत्या. त्या माझ्याकडे यायच्या, आणि रोजच्या मेलची गर्दी नको म्हणून मीच त्या एका फोल्डरमध्ये आपोआप वळवल्या होत्या. तो फोल्डर मी कित्येक दिवसांत उघडला नव्हता. क्षणभर वाटलं, गप्प बसलो तर कुणाला कळणार नाही.

“चूक माझी आहे,” मी म्हणालो आणि कारण सांगितलं.

खुलासा विचारणारं पत्र मग बाईंऐवजी मलाच मिळालं. मी त्याला उत्तर लिहिलं, आणि संध्याकाळी बाकीच्या केंद्रांच्या मुदती तपासल्या. मोडनिंबच्या लॅपटॉपला नऊ दिवस उरले होते.