खडूने लिहिलेलं तापमान

आमच्या धाकट्या सुनेला घरात सगळे ‘थांबा’ म्हणतात. चहा ओतला की “थांबा, गरम आहे”, बूट घातले की “थांबा, लेस सुटलीय.” लग्नाआधीपासूनच ती इलेक्ट्रिक स्कूटरची मेकॅनिक. खाली तिचं नि माझ्या मुलाचं गॅरेज, वर आमचं बिऱ्हाड. तापमान मोजायची बंदूक कमरेला, खडू कानावर. मोजलेला आकडा फरशीवर लिहून ठेवायची खोड. मी म्हणायचो, “पाढे पाठ करतेस का गं?”

त्या दुपारी पडून चेपलेली एक बॅटरी तिने दुकानाच्या दारात लोखंडी गाड्यावर ठेवली होती. फस्स झालं आणि ज्वाळाच निघाल्या. मुलाने आग विझवायच्या पावडरचं अख्खं नळकांडं रिकामं केलं. ज्वाळा गेल्या.

“विझली!” मी टाळी वाजवली.

“आत घेतो, शटर ओढतो,” मुलगा म्हणाला. “गिऱ्हाइकाचा माल आहे, बाहेर कसा ठेवायचा?”

“थांबा.”

तिने लांबूनच बंदूक रोखली. फरशीवर लिहिलं: साठ. मग अग्निशमन दलाला फोन लावला.

“अगं, विझलेल्या आगीला बोलावतेस? हसतील ते.”

“हसू देत. बाबा, चूल झाकली की विझते, कारण तिला बाहेरची हवा लागते. हिच्या पोटातलं रसायन तापलं की स्वतःच प्राणवायू सोडतं. पावडरीने ज्वाळा गेल्या, पोट तापलेलंच. आत एकाला एक चिकटून शंभरेक सेल. एक तापला की शेजाऱ्याला तापवतो.”

“मग पाणी ओत ना!”

“पाणीच लागतं, गार करायला. पण वरची पेटी बंद आहे, आत पोचत नाही. बादलीचं काम नव्हे.”

पुन्हा रोखली. सदुसष्ट. ज्वाळा नाही, धूर नाही, आणि आकडा चढलेला! वरच्या खोलीत आमची मंडळी, म्हणजे मुलाची आई, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आठवडा झालेला. आणि जिना उतरतो तो थेट दुकानात.

मुलाने लांब पहारीने गाडा रेटत समोरच्या मोकळ्या पटांगणात नेला. आम्ही तिघांनी मंडळींना खुर्चीसकट उचललं.

“हळू! वरातीत तरी एवढी मिरवले नव्हते मी!”

“आई, तोंडाला पदर. तो धूर विषारी असतो.”

शेजाऱ्यांच्या पलीकडच्या भिंतीशी खुर्ची टेकतेय तोच पटांगणात फटाफट आवाज झाले. पांढरा धूर, मग पुरुषभर ज्वाळा. गाडा दारातच असता तर जिना पेटला असता.

बंब आला. जवानांनी कितीतरी वेळ पाणी मारलं. कोणी हसलं नाही. “उद्यासुद्धा पेटू शकते,” त्यांचा म्होरक्या म्हणाला. “इथेच राहू द्या, जवळ काही ठेवू नका.” “फोनच्या बॅटरीचंही तेच, फक्त जीव लहान,” सुनेने जोडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खरंच पुन्हा धुमसली. पुन्हा बंब, पुन्हा पाणी.

मग आकडा उतरत गेला, आणि उतरलेलाच राहिला. तरी मंडळी तिसऱ्या दिवसापर्यंत शेजाऱ्यांकडेच. “जाऊ का गं आता वर?” त्यांनी विचारलं.

सुनेने कानावरचा खडू काढला. ती काही बोलायच्या आतच मी, मुलगा आणि मंडळी, तिघेही एका सुरात ओरडलो, “थांबा!”