तारीख बदलली म्हणून

आजोबा चौतीस वर्षं बस डेपोत टाइमकीपर होते आणि निवृत्त झाल्यावरही त्यांनी तो हुद्दा सोडला नव्हता. चहा चार मिनिटं उशिरा आला तर ते घड्याळाकडे बघायचे. आजींकडे बघायची हिंमत त्यांनी कधी केली नाही, म्हणून संसार सुरळीत चालला.

लेक दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला परगावी गेली, तेव्हा नऊ महिन्यांचं बाळ यांच्याकडे आलं, तेही अंगात ताप घेऊन. निघण्याआधी लेकीने डॉक्टरांना दाखवलं, औषध आणलं आणि वहीचं पान फाडून चार ओळी लिहिल्या. ताप चढला आणि बाळ बेचैन असेल तरच औषध. एका वेळी पाच मिली, सोबतच्या सिरिंजनेच, घरातल्या चमच्याने नाही. दोन डोसांत कमीत कमी चार तास. चोवीस तासांत जास्तीत जास्त चार डोस. "आई, काही गडबड झाली तर मला प्रशिक्षण सोडून यावं लागेल," ती म्हणाली. पुढचं वाक्य तिने गिळलं, पण आजींना ते कळलं होतं: मग बाळ पुन्हा तुमच्याकडे ठेवणार नाही.

आजोबांना तो कागद फारच गबाळा वाटला. पट्टी घेऊन त्यांनी नवा तक्ता आखला. तारीख, वेळ, मात्रा, ताप, शेरा, सही. बस सुटल्याची नोंद करावी तशा ऐटीत ते प्रत्येक डोस लिहीत होते. दुपारी एक, संध्याकाळी पाच, रात्री नऊ, पहाटे पाच. दर वेळी सिरिंज डोळ्यासमोर धरून पाचच्या रेषेवर आणायची, मग सही ठोकायची. आजींना मनातून कौतुक वाटत होतं, पण ते बोलून दाखवलं असतं तर दिवसभर ऐकून घ्यावं लागलं असतं.

सकाळी नऊला बाळ किरकिरलं. कपाळ तापलं होतं, थर्मामीटरने अडतीस पूर्णांक आठ अंश सेल्सियस दाखवले. आजोबा सिरिंज घेऊन हजर.

"चार तास झाले. आज एकच डोस झालाय, अजून तीन शिल्लक."

"एकच कसा?"

त्यांनी तक्ता पुढे केला. नव्या तारखेसाठी नवं पान, त्यावर पहाटे पाचची एकुलती एक नोंद.

आजींनी पदराने हात पुसले आणि बोटांच्या पेरांवर उलटं मोजायला लागल्या. "पहाटेचा एक. रात्रीचा दोन. पाचचा तीन. काल एकचा चार. काल सकाळी नऊपासून चार झाले की हो!"

"अगं, काल ते काल! तारीख बदलली की पान बदलतं. चौतीस वर्षं मी हेच केलंय."

"तुमच्या डेपोत बदलत असेल. बाळाच्या पोटात कॅलेंडर टांगलंय का?"

आजोबा ताठ झाले. तक्ता त्यांचा, सह्या त्यांच्या. आजींनी वाद घातला नाही. त्यांनी आजोबांच्या हातातली सिरिंज काढून घेतली, बाटलीसकट पदराच्या गाठीत बांधली आणि दवाखान्यातल्या नर्सबाईंना फोन लावला. फोन मुद्दाम स्पीकरवर. चारही डोसांच्या वेळा सांगितल्या.

"आत्तापासून मागचे चोवीस तास मोजायचे, आजी. तारखेचा काही संबंध नाही. पुढचा डोस एकनंतरच, तोही लागला तर. तोवर अंगावर पातळ कपडे, आणि दूध थोडं थोडं पाजत राहा. मलूल वाटलं, पीत नसेल, लघवी कमी झाली, तर वाट न बघता घेऊन या."

फोन बंद झाला. आजोबांचा चेहरा उतरला होता. आजींना त्यांना चिडवावंसं वाटत होतं, जिभेवर दोन-तीन वाक्यं तयारही होती, पण त्या बाळाचे जाड कपडे उतरवायला लागल्या. त्यांनाही भीती वाटली होती.

एक वाजला तेव्हा बाळ भरपेट दूध पिऊन आजोबांचा चष्मा चावत होतं. ताप उतरला होता, म्हणून डोस नाही. एकच्या ओळीत काहीच लिहायचं नाही, हे आजोबांना फार जड गेलं.

संध्याकाळी लेक आली. आजींनी ठरवलं होतं, सकाळचं काही सांगायचं नाही. पण चप्पल काढायच्या आत आजोबांनी तिच्या हातात तक्ता दिला.

"सकाळी मी पाचवा डोस देणार होतो. तुझ्या आईने अडवलं."

लेकीने दोन्ही पानं बघितली. आजींनी उगाचच बाळाचं झबलं सारखं केलं.

"पुढच्या महिन्यात तीन दिवस जायचंय," लेक म्हणाली. "बाळ इथेच ठेवीन. बाबा लिहितील, पण बाटली आईकडे."

"चालेल," आजोबा इतक्या पटकन म्हणाले की आजींना हसू आलं, आणि हसता हसता डोळे कधी भरले ते त्यांना कळलंच नाही.