नेफ्यातलं इलॅस्टिक

वसमतच्या एका शाळेतल्या मुलींच्या खो-खो संघासाठी हाफ पँटी शिवायचं काम मिळालं, तेव्हा मी जरा जास्तच फुशारले. तोवर माझ्या मशीनवर परकर आणि सलवारीच व्हायच्या. नाडी ओवायला ऐसपैस जागा लागते, म्हणून दीड इंची नेफा घालायची हाताला सवय. पँटींनाही तसाच घातला, आणि त्यात अर्धा इंची इलॅस्टिक ओवून मोकळी झाले.

दोन दिवसांनी संघातली एक मुलगी पँट घेऊन दारात आली. पळायला सगळ्यांत चपळ, बोलायला सगळ्यांत भित्री.

"काकू, मी आता खेळणार न्हाई. पळताना कंबर गोळा होऊन पँट खाली सरकून राहिली. आई म्हणते, असलं घालून मैदानावर जायचं न्हाई."

"तूच काडी झालीस, त्याला मी काय करू," असं मी फटकन म्हणाले. तिचे डोळे भरले आणि माझी मलाच लाज वाटली. पँट ठेवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं.

बाजारात एक म्हातारे शिंपी होते, त्यांना सगळे चाचा म्हणायचे. पँट घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी नेफा चिमटीत धरला.

"नेफा नाडीचा घातला तुमी. एवढ्या मोकळ्या जागेत बारीक पट्टी लोळंल न्हाई तर काय करंल?"

मग त्यांनी दोन इलॅस्टिक ताणून दाखवली. मी वापरलेलं गोफासारखं विणलेलं, ताणताच रोडावलं. दुसरं आडव्या-उभ्या घट्ट विणीचं, ताणूनही रुंदीला होतं तेवढंच राहिलं.

"हे एक इंची घ्या. नेफा त्याच्याहून सूतभर मोठा ठेवा, बराबर बसंल."

दुसऱ्या दिवशी मुलीच्या कंबरेवर पट्टी हलकी ताणून माप घेतलं. नेफा उसवून अरुंद दुमडला. पट्टीला सेफ्टी पिन लावून ओवली, टोकं जोडली, तोंड शिवलं. बोटं फिरवली तर मागे पीळ. नडली माझी घाई. मुकाट्यानं उसवलं. या वेळी मागचं टोक कापडालाच पिनेनं अडकवलं आणि वीत-वीत चाचपत पट्टी सपाट नेली. टोकं एकमेकांवर ठेवून शिवली. चुण्या सारख्या केल्या आणि दोन्ही बाजूंच्या शिवणींवर नेफ्यात उभी टीप मारली, म्हणजे पट्टी आत उलटायची नाही. मग संघाच्या बाकीच्या पँटीही मागवून घेतल्या आणि उसवायला बसले.

पुढच्या सरावाला मी मैदानावर गेले. मुलीची आईही आली होती, पदर तोंडाशी धरून लेकीच्या कंबरेकडे बघत. पोरगी सुसाट पळाली, खांबाजवळ सूर मारला आणि पळणारीला बाद करून उठली. गुडघे खरचटले होते. तिनं माती झटकली आणि तशीच हसत खो देऊन रांगेत बसली.

"माह्या लेकराला एवढं पळता येतं?" आई मला विचारत होती. "येतं की," म्हणत मी डोळे पुसले.