फर्म मोडली, पण पेपरात दिलं नाही

भागीदारी मोडल्याच्या कागदावर आम्ही दोघींनी दिवाळीनंतर सीएच्या ऑफिसात बसून सह्या केल्या, त्यांनी मागवलेला चहा घेतला, आणि घरी येऊन मी डोक्यावरून आंघोळ केली. सुतक संपल्यावर करतात तशी. सुटले असं मला वाटलं होतं. इतकी मूर्ख बाई सुरतेत दुसरी नसेल.

फर्म म्हणजे आमचं केटरिंग. मी आणि शेजारच्या विंगमधल्या वहिनी. दोघी खानदेशातल्या, दोघींचे नवरे नोकरीत. सुरुवात दिवाळीच्या फराळापासून झाली, मग डोहाळजेवणं, मग लिंबायत-कोसाडकडची लग्नं. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, गिलक्याची भजी, बुंदी. इकडच्या आचाऱ्यांना, महाराजांना, आमची बट्टी जमत नाही, त्यामुळे लोक आम्हालाच शोधत यायचे. बँकेत चालू खातं काढायचं ठरलं तेव्हा सीएनं रीतसर भागीदारीपत्र केलं, फर्मची नोंदणी केली. नफा-तोटा निम्मा-निम्मा. पगाराचं त्यात काही लिहिलं नव्हतं, आणि लिहिलं नसेल तर कष्टाचा वेगळा मोबदला मागता येत नाही, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. मी भट्टीपाशी उभी राहून हात भाजून घ्यायचे, वहिनी पदर सावरत पाहुण्यांशी गोड बोलायच्या, आणि वाटणी सारखी. तेही मी गिळलं. हिशेबाच्या वह्या आणि पावतीपुस्तक त्यांच्या घरी असायचं. ते कधीही बघायचा मला हक्क आहे, असं भागीदारीपत्रात होतं. पण बघायला मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असलं काहीतरी घरंदाज खूळ माझ्या डोक्यात होतं.

मग एकदा आमच्या स्वयंपाकाच्या बायांपैकी एक सहज बोलून गेली की रविवारी बारडोलीला फार दमणूक झाली. मी म्हटलं, कुठली बारडोली? वहिनी आमच्याच बाया, आमचीच पातेली घेऊन परस्पर ऑर्डरी करत होत्या. मला विचाराल तर ही चोरीच. सीए सौम्य शब्दांत म्हणाला की भागीदारानं फर्मच्या मालमत्तेवर स्वतःपुरता नफा कमावला तर तो फर्मला द्यावा लागतो. वहिनी म्हणाल्या, "अगं, तू दमलेली असतेस, म्हणून तुला नाही सांगितलं." त्या दिवशी मला त्यांची किळस आली आणि मी मोडायचं ठरवलं.

सह्या झाल्यावर सीए म्हणाला की आता तीन ठिकाणी कळवायचं: रजिस्ट्रारकडे, सरकारी गॅझेटमध्ये आणि इथल्या एका गुजराती पेपरात. फर्म संपली असं जाहीर झालं नाही तर बाहेरच्या माणसाच्या लेखी ती चालूच असते. वहिनींनी माझा हात धरला. त्यांच्या मुलीचं स्थळ बघणं चालू होतं. पेपरात नाव छापून आलं तर मुलाकडचे म्हणतील, यांचा धंदा बसला, भांडणं झाली. सुरतेत "जाहेर नोटिस" वाचून लोक काय काय अर्थ काढतात ते मलाही ठाऊक होतं. लग्न जुळेपर्यंत थांब, एवढंच त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं. मुलीच्या लग्नाचा प्रश्न म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? मी सीएला म्हटलं, राहू द्या थोडे दिवस. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की तेव्हाच समजायला हवं होतं.

स्थळ जुळलं, लग्नही झालं, चांगल्या थाटात झालं. नोटीस राहूनच गेली. मीही पाठपुरावा केला नाही, कारण मोठ्या मनाची असल्याचा एक आनंद असतो, तो मला सोडवेना.

फाल्गुनात एका संध्याकाळी दारात कोसाडचे एक गृहस्थ उभे. लूमवर काम करणारे, अंगावर स्वच्छ पांढरा शर्ट. मी त्यांना ओळखलं. त्यांच्या पाळीतल्या मित्राच्या मुलाच्या लग्नात आम्ही जेवण केलं होतं, तेव्हा त्यांनी माझ्याकडून कार्ड मागून घेतलं होतं आणि खिशात नीट घडी करून ठेवलं होतं. त्यांच्या मुलीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. आचारी किती वाजता येतील, एवढंच विचारायला ते आले होते, कारण वहिनींचा फोन लागत नव्हता.

मला काही कळेना. त्यांनी पावती काढून दिली. आमच्या फर्मची, वर दोघींची नावं, खाली वहिनींची सही. निम्मी रक्कम मिळाली, उरलेली लग्नाच्या दिवशी. तारीख फर्म मोडल्यानंतरची, आणि वहिनींच्या मुलीच्या लग्नाच्या आठ दिवस आधीची. मी काहीबाही बोलले, बघून सांगते म्हटलं. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या पावती तुमनापाशी. तुमनं नाव व्हतं म्हनीसन मी निवांत व्हतू." आणि पावती ठेवून गेले.

मी तशीच वहिनींकडे गेले. त्या द्राक्षं निवडत होत्या. मुलगी-जावई येणार होते. मी विचारलं, त्यांनी नाकारलंही नाही. पैसे लग्नात खर्च झाले म्हणाल्या. वाटणीत त्यांच्याकडे गेलेली पातेली त्यांनी विकून टाकली होती, बायांनी दुसरीकडे काम धरलं होतं, म्हणजे करायचं मनातसुद्धा नव्हतं. "तू बघशील हे मला माहीत होतं," असं म्हणाल्या आणि मला द्राक्षं पुढे केली. राग येतो तेव्हा निदान काहीतरी बोलता येतं. मी द्राक्षं बाजूला सारली आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन अठवालाइन्सला वकिलाकडे गेले. वकील म्हातारा, गुजराती, कान टवकारून ऐकणारा. सगळं ऐकल्यावर त्यानं एकच विचारलं, "बेन, छापामां नोटिस आपी हती?" पेपरात नाही दिली म्हटल्यावर त्यानं पेन खाली ठेवलं. मग समजावून सांगितलं. नोटीस नाही, तर मोडल्यानंतरही एकीनं फर्मच्या नावानं केलेला व्यवहार दुसरीला बांधतो. तो माणूस दोघींवर दावा लावू शकतो किंवा एकट्या तुमच्यावर, आणि पूर्ण रकमेचा, निम्म्याचा नाही. तुम्ही दोघींनी आपसात काय लिहिलंय त्याच्याशी त्याला काही घेणं नाही. तुम्ही भरलंत तर मागाहून तिच्याकडून वसूल करायचा हक्क तुम्हाला आहे, त्यासाठी हिशेबाचा दावा लावा. किती वर्षं लागतील म्हटल्यावर तो छताकडे बघू लागला.

एक पळवाट होती. तुम्ही भागीदार आहात हे त्या माणसाला माहीतच नसेल, तर मोडल्यानंतरच्या व्यवहाराची जबाबदारी तुमच्यावर येत नाही. त्याला ठाऊक होतं का?

मी तोंड उघडण्याआधी माझा नवरा म्हणाला, "त्याला काय ठाऊक असणार? आणि पावती तर आपल्याचकडे आहे."

माझा नवरा बँकेत अधिकारी आहे. उभ्या आयुष्यात त्यानं कोणाची एक टाचणीही उचललेली नाही. वकिलानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, म्हणजे ऐकलं. मी नवऱ्याकडे पाहिलं, तर तो जिन्याकडे बघत होता. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनातही ते कालपासूनच आलेलं होतं. रात्री पावती मी मिसळणाच्या डब्याखाली ठेवली होती. एवढा जपून ठेवायचा कागद मी तिथे का ठेवला, जिथे हळद-तेल लागून अक्षरं जातात? वहिनींची किळस करत होते ना मी? त्या घटकेला आम्ही दोघी एकाच मापाच्या होतो.

त्याच दुपारी मी एकटी कोसाडला गेले आणि पावती त्यांच्या हातात ठेवली. जेवण वेळेवर होईल म्हणून सांगितलं. येताना सीएकडे थांबून नोटिशीचे कागद पुरे केले. तो म्हणाला, पेपरात यायला चार-पाच दिवस लागतील, आणि ती यापुढच्यासाठी, मागच्याला तिचा उपयोग नाही.

पुढचे दोन दिवस धावपळीत गेले. पातेली मंडपवाल्याकडून भाड्यानं आणली, बाया हातापाया पडून मिळवल्या, किराणा माझ्या बांगड्यांवर आला. नवरा लग्नाच्या दिवशी रजा टाकून पीठ चाळायला बसला. मी त्याच्याकडे न बघता दुसरी परात पुढे सरकवली.

कोसाडच्या हॉलात चारशे पान उठलं. बट्टी खुसखुशीत झाली, वरणाला लोक दोनदा हात पुढे करत होते. दुसऱ्या पंगतीच्या वेळी भट्टीवरून मान वर केली तर वहिनी. मोरपंखी सिल्कची साडी, केसांत गजरा. वरमाईच्या शेजारी उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होत्या, जेवण कसं झालं? कोणी आमच्या बट्टीचं कौतुक केलं की मान लववत होत्या. मी झारा ठेवून त्यांच्याकडे निघालेच होते. पण कढईत भजी होती, ती जळाली असती. पुन्हा पाहिलं तेव्हा त्या गेलेल्या होत्या.

शेवटची पंगत उठल्यावर मी हात धुऊन मुलीच्या वडिलांकडे गेले. पोरीच्या पाठवणीची तयारी चालली होती. ते डोळे पुसत उभे होते. मी हळूच उरलेल्या रकमेचं विचारलं.

"ते तं मोठल्या ताईले दी टाकं ना मघाशी," ते म्हणाले. "त्या बोलन्यात, आम्हीन दोन्ही एकच शेतस." खिशातून त्यांनी पावती काढून दाखवली. तीच फर्म, तीच दोन नावं, आजची तारीख. मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांचा चेहरा उतरला. "काही चुकनं का, ताई?"

काहीच चुकलं नव्हतं. वकिलानं जे सांगितलं होतं त्याचीच ही दुसरी बाजू होती: नोटीस लागलेली नव्हती, वहिनींनी घेतले म्हणजे फर्मनं घेतले, आणि या माणसाचं देणं फिटलं. माझे पैसे माझ्यासमोरून सिल्कची साडी नेसून निघून गेले होते आणि कायद्यानं ते बरोबर होतं. मागे त्यांची मुलगी आईच्या गळ्यात पडून रडत होती. ते मात्र पावती धरून माझ्या उत्तरासाठी थांबले होते.

"नाही दादा," मी म्हटलं. "बरोबर दिलेत."

त्यांनी सुस्कारा सोडला, मला हात जोडले आणि मुलीकडे गेले.