उद्देशपत्रातला दुसरा परिच्छेद

मंगळवारी सकाळी शिवरे फाट्यावर माझ्या मित्राच्या मोटारसायकलला टेम्पोने धडक दिली. दुपारी तो गेला.

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आम्ही दोघांनी मिळून केला होता. लेझरच्या प्रकाशाची कंपनदिशा बदलून एका टेबलावरून दुसऱ्यावर गुप्त किल्ली, म्हणजे संदेश कुलूपबंद करणारे आकडे, पाठवायची. फिल्टर आणि आरसे तो जुळवायचा, प्रोग्राम मी लिहायचो.

परदेशात क्वांटम तंत्रज्ञानाच्या मास्टर्ससाठी अर्ज करायचा, तर हे का शिकायचं ते सांगणारं उद्देशपत्र हवं होतं. मुदतीला नऊ दिवस उरले असताना भोरच्या घरी बसून मी ते लिहिलं. दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं, ‘मी क्वांटम किल्ली वितरणाची यंत्रणा उभारली.’ खोटं ठरवायला आता कुणी नव्हतं. हे लक्षात आल्यापासून मला नीट जेवण जाईना.

कॉलेजात सरांना मसुदा दाखवला. शिफारसपत्र तेच देणार होते. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

“उभारली? मुलाखतीत आरशांबद्दल विचारलं तर?”

“सांगेन काहीतरी.”

“काहीतरी सांगणारे त्यांच्याकडे ढिगाने येतात. त्याची प्रयोगाची वही बघितलीस का?”

वही त्याच्या घरी होती. मी शिवऱ्याला गेलो. त्याच्या वडिलांनी ती कपाटातून काढून दिली.

“ने की. आमाला त्यातलं काय कळतंय? तुमी दोगं भांडायचा तेवडं कळायचं.”

“भांडत नव्हतो, काका.”

“न्हाई कसं? हितं ओट्यावर बसून लई भांडायचा.”

भांडण कशावरून व्हायचं ते वहीत सापडलं. मोजमापांच्या खाली त्याने लिहिलं होतं, ‘याला क्वांटम म्हणू नये. आपल्या लेझरच्या एका स्पंदनात कोट्यवधी फोटॉन (प्रकाशकण) असतात. चोराने त्यातले थोडे वळवून घेतले तर आपल्याला पत्ता लागणार नाही. चोरी कळायची तर एकेकटा फोटॉन सोडता आला पाहिजे.’ तेव्हा मी त्याला म्हणालो होतो, मार्क मिळवायचेत की नाही?

त्या चार ओळींनी माझा परिच्छेद पडला. मास्टर्स कशासाठी करायचं, याचं एकमेव खरं कारणही त्याच ओळींत होतं, आणि ते माझं नव्हतं. ते उचललं तर चोरी. त्याच्या मृत्यूचा उल्लेख केला तर समितीपुढे पदर पसरल्यासारखं. दोन दिवस मी काहीच लिहिलं नाही. मग लिहिलं: प्रकाशाची मांडणी माझ्या सहकाऱ्याची, प्रोग्राम माझा. हे केवळ प्रात्यक्षिक होतं, ही हरकत त्याने घेतली होती. मला ती तेव्हा कळली नाही. एकेकटा फोटॉन सोडणारे स्रोत कसे बनवतात, हे मला शिकायचं आहे.

सर वाचून म्हणाले, “आता तू कमी दिसतोस.”

“हो.”

“असू दे.”

अर्ज मुदतीत गेला. उत्तर आलेलं नाही. वही माझ्याकडे आहे, आणि तिची शेवटची अकरा पानं मला अजून समजलेली नाहीत.